मदत हवी आहे: निकालाच्या डॅशबोर्डवर ब तुकडी उगाच लाल दिसते

फळापुसणी: नववीच्या दुसऱ्या घटक चाचणीचा विषयवार निकाल हेडसरांना एका पानावर हवा होता, म्हणून एक्सेलमध्ये डॅशबोर्ड केला. गणितात अ तुकडी 48 पैकी 42 पास, म्हणजे 87.5 टक्के. ब तुकडी 50 पैकी 35, म्हणजे 70, आणि तो खण लाल. सरांनी लगेच ब च्या गणिताच्या मॅडमना बोलावून घेतलं. पण ब ची 8 मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत, पेपरला नव्हतीच. त्यांच्यापुढे 'गै' लिहिलंय. सूत्र असं:

```
=COUNTIFS(B:B,"ब",F:F,">=35")/COUNTIFS(B:B,"ब")
```

गुणाकार: 'गै' ला 0 टाका, सगळं सुतासारखं सरळ होईल.

हिशेबवही: अजिबात नको. 0 टाकलात की मुलगा बसला आणि नापास झाला असा अर्थ होतो, वर तुकडीची सरासरीही पडते. 'गै' तसंच ठेवा, भागाकार बदला. खालचं सूत्र फक्त आकडे मोजतं, अक्षरं सोडून देतं:

```
=COUNTIFS(B:B,"ब",F:F,">=35")/COUNTIFS(B:B,"ब",F:F,">=0")
```

शेजारी पट, हजर आणि गैरहजर असे तीन रकाने ठेवा. हजर अधिक गैरहजर बरोबर पट आला नाही, तर कुठेतरी गडबड आहे.

पहिलाबाक: यातच गुणानुक्रम कसा काढायचा? आमच्याकडे दोघांचे गुण सारखे आले की पालक भांडायला येतात.

हिशेबवही: त्याला वेगळा धागा काढा हो.

फळापुसणी: आमचा पट जुळेना! हजर 41, गैरहजर 8, झाले 49. शेवटी एका मुलाचे 45 खणात डावीकडे चिकटलेले दिसले, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. गुण व्हॉट्सॲपवरून उचलून डकवले होते, एक्सेल त्यांना अक्षरं समजत होतं. खण पुसून हाताने 45 टाकले. आता 42 पैकी 36, म्हणजे 85.7. मॅडम सुटल्या!

राहिली क तुकडी: 20 पैकी 10. तिन्ही तुकड्यांच्या टक्क्यांची सरासरी 74.4 येते, तीच शाळेची धरायची ना?

हिशेबवही: नाही. पोरं मोजा, टक्के नाही. 42, 36 आणि 10 मिळून 88 पास, हजर 110, म्हणजे शाळा 80 टक्के. आणि क मध्ये एक पोरगा म्हणजे 5 टक्के, तिथे लाल-हिरवा रंग देऊच नका.

गुणाकार: बरं, शून्याचं मागे घेतो. पण ती 8 मुलं निकालातून गायबच झाली की. 85.7 पाहून हेडसर म्हणणार, ब छान चाललीय.

फळापुसणी: तेच तर. गैरहजरचा रकाना सरांना दाखवला, तर म्हणाले, संस्थेच्या मीटिंगला एकच आकडा पाहिजे. कुठला देऊ?

हिशेबवही: मी दोन्ही देतो. आमचे हेडसर दरवेळी एक खोडतात.