'इन्क्रिमेंटॅलिटी'ला मराठीत काय म्हणावे?

म्हापशेकर: आमचे काजूगराचे दुकान आहे. ऑनलाइन विक्री बहुतेक महाराष्ट्रात होते. जाहिरातींचा हिशेब बाबांना समजावताना 'इन्क्रिमेंटॅलिटी'पाशी अडलो. जाहिरात नसती तर जी ऑर्डर आलीच नसती, तेवढीच जाहिरातीच्या नावावर धरायची, असा अर्थ. शब्द सुचवा.

निवृत्त हेडक्लार्क: इन्क्रिमेंट म्हणजे वेतनवाढ. सरकारी कागदात कधीचा रूढ आहे, नवा कशाला घडवता?

म्हापशेकर: काका, पगाराचे नाही हो, जाहिरातीचे.

सांजवात: मग नुसते 'वाढ' म्हणा. जाहिरातीआधीचा महिना आणि नंतरचा महिना, वजाबाकी केली की झाले.

पणजीचा आकडेमोड्या: वजाबाकी हवीच, पण आधीच्या महिन्यातून नको. दिवाळीच्या तोंडावर जाहिरात सुरू केलीत तर काजू तसेही खपणार. 'वाढ' कालच्याशी मोजतात. इथे मोजायचे आहे ते न घडलेल्याशी. पोदेर भोंपा वाजवत येतो, पण आमची आई त्याआधीच पिशवी घेऊन दारात उभी असते. तो पाव भोंप्याने खपला का? जाहिरातीचे पॅनेल मात्र तो भोंप्याच्याच नावावर लिहिते. फेसबुकच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये सात दिवसांतला क्लिक, किंवा एका दिवसात जाहिरात नुसती नजरेखालून गेलेली असली, तरी ऑर्डर तिच्या श्रेयात जाते. म्हणून 'अॅट्रिब्यूशन'ला मी 'श्रेयवाटप' म्हणतो आणि तुमच्या शब्दाला 'निव्वळ भर'.

म्हापशेकर: 'निव्वळ भर' बाबांना कळेल. आणि 'होल्डआउट'? ज्या भागात जाहिरात मुद्दाम बंद ठेवतात तो?

सांजवात: 'पडीक' म्हणा. शेत पडीक टाकतो तसे.

पणजीचा आकडेमोड्या: पडीक टाकतात ते जमिनीला विसावा म्हणून. कृषी प्रयोगात खत न घातलेला वाफा शेजारी ठेवतात ना, तो जास्त जवळचा. 'कोरा वाफा' कसा वाटतो?

म्हापशेकर: आम्ही पहिला कोरा वाफा गोव्यातच केला आणि फसलो. बारदेशात जाहिरात बंद, तिसवाडीत चालू. म्हापशाचा माणूस सकाळी पणजीला कामाला जातो, तिथे जाहिरात बघतो, पार्सल घरी मागवतो. मोबाइलवरून जागाही नेमकी कळत नाही. तालुके गुंतलेले, वर ऑर्डरी मोजक्याच. म्हणून यंदा उन्हाळ्यात महाराष्ट्रातले जिल्हे घेतले. ज्यांची आठवड्याची विक्री वर्षभर एकमेकांबरोबर चढ-उतरली त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतला कोणता जिल्हा बंद ठेवायचा ते चिठ्ठी टाकून ठरवले.

आधीच्या चार आठवड्यांत चालू गटाच्या 240 ऑर्डरी होत्या, बंद ठेवायच्या गटाच्या 200. प्रयोगाच्या चार आठवड्यांत चालू गट 252 वर गेला. त्याच प्रमाणात दुसरा गट 210 वर जायला हवा होता, आल्या 176. म्हणजे जाहिरातीविना 34 ऑर्डरी गेल्या. आणि पॅनेल? आधीच्या चार आठवड्यांत त्याच जिल्ह्यांतल्या 120 ऑर्डरी आपल्या नावावर सांगत होते!

निवृत्त हेडक्लार्क: म्हणजे शंभरातल्या सत्तर जणांनी न सांगताही घेतलेच असते? मग जाहिरात बंदच करा की.

म्हापशेकर: काका, तेच बाबा म्हणाले. त्या जिल्ह्यांत चार आठवड्यांचा खर्च 20,400 रुपये होता. पॅनेलप्रमाणे ऑर्डरीला 170, खरे म्हणजे 600. आम्हाला एका ऑर्डरीत सुटतात 250.

पणजीचा आकडेमोड्या: थांबा. 34 हा आकडा नशिबाचा नाही हे कशावरून? जेव्हा काहीच बंद नव्हते अशा जुन्या महिन्यांवर हाच हिशेब करून पाहिलात का? तिथेही पंचवीस-तीसचा फरक निघत असेल तर तुमचे 34 काहीच सांगत नाहीत.

म्हापशेकर: केला. सहा वेळा चालवला, सर्वांत मोठा फरक 14 निघाला.

पणजीचा आकडेमोड्या: मग 34 मानायला हरकत नाही. पण नेमके 34 धरू नका. वीस ते पन्नासमध्ये कुठेतरी, असे बाबांना सांगा. पन्नास धरले तरी ऑर्डरीला चारशेच्या वर पडते. आणखी एक. ज्याने एप्रिलमध्ये जाहिरात पाहिली तो मेमध्ये ऑर्डर करेल, ती तुम्ही बंद गटाची आपसूक विक्री म्हणून मोजलीत. त्यामुळे भर कमी दिसते. शिवाय पहिल्यांदा आलेला माणूस पुढे चार वेळा येणार असेल तर 250 चा हिशेब अपुरा आहे.

सांजवात: पुण्याच्या मुलाने सांगलीच्या आईला पाठवले तर ती ऑर्डर कुठल्या वाफ्यातली?

म्हापशेकर: आम्ही पार्सलच्या पिनकोडवर मोजली. पैसे भरणाऱ्याचा पत्ता आमच्याकडे नसतोच.

पणजीचा आकडेमोड्या: मग दिवाळीत हा प्रयोग करू नका, भेटीची पार्सले सगळे गट मिसळून टाकतील.

निवृत्त हेडक्लार्क: 'निव्वळ भर' चालेल. पण 'कोरा वाफा' मला पटत नाही. वाफा कोरा नसतो, त्यात बी पेरलेले असतेच. 'बिनखताचा वाफा' म्हणा.