अनुभव धागा : व्लॉगमधला घर नंबर, रस्त्याची पाटी, शाळेचा बिल्ला कसा झाकता?

स्वरदा (पार्ले):
घरचे व्हिडिओ करणाऱ्या मुंबईतल्या मंडळींसाठी हा धागा. मुलांचे चेहरे दाखवायचे की नाही हा वाद इथे नको, तो प्रत्येक घराचा निर्णय. मला हवंय ते मागच्या बाजूचं: दारावरचा फ्लॅट नंबर, कोपऱ्यावरची रस्त्याची पाटी, युनिफॉर्मच्या खिशावरचा बिल्ला. एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण बिल्ल्यावरून शाळा कळते, पाटीवरून गल्ली, आणि "चला, बस आली" म्हणताना भिंतीवरच्या घड्याळावरून वेळही. मला जास्त काळजी या तिन्हींच्या बेरजेची आहे. तुम्ही प्रत्यक्ष काय करता, काय फसलं, ते सविस्तर लिहा.

गिरगावची सून:
आमची चाळ. खोलीचा नंबर चौकटीवर ऑइलपेंटने लिहिलेला, शेजारी सासऱ्यांच्या नावाची पितळी पाटी. नंबरावर मी रुंद तोरण सोडलं, प्रश्न मिटला. पाटी झाकायला मात्र सासूबाई तयार नव्हत्या. "ह्यांचं नाव झाकायचं नाही," एवढंच म्हणाल्या, आणि मला ते पटलं. आता दारात शूट करतच नाही. गॅलरीत कठड्याकडे पाठ करून उभी राहते, मागे फक्त वाळत घातलेले कपडे. शेजाऱ्यांच्या दारांवरचे नंबरही त्यामुळे येत नाहीत. त्यांना कुणी विचारलंय व्हिडिओत यायचं का म्हणून?

मिलिंद:
एवढा विचार कशाला? मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मोझॅक असतो. चौकोन ठेवायचा, बोटाने सरकवत न्यायचा. पाच मिनिटांचं काम. मी मुलाच्या बिल्ल्यावर तेच करतो.

संकलक (गोरेगाव):
मिलिंद, स्थिर फोटोतल्या बिल्ल्याला दाट मोझॅक बऱ्याचदा पुरतो. हलत्या चित्रात, आणि त्यातही अक्षरांवर, माझा त्यावर विश्वास नाही. मोझॅकचे चौकोन अक्षरांवरून सरकतात, तेव्हा प्रत्येक फ्रेममध्ये अक्षराचा थोडा वेगळा अंश उरतो. अशा बऱ्याच फ्रेम एकत्र करून खालची अक्षरं परत वाचून दाखवलेली आहेत. पाटी किंवा नंबर असेल तर सरळ एकरंगी, अपारदर्शक पट्टी टाका. दिसायला ओबडधोबड, पण खाली काही उरत नाही.

माझं पोटापाण्याचं काम संकलनाचं आहे, म्हणून एक प्रकरण नीट सांगतो. बहिणीचा व्हिडिओ होता. भाची लिफ्टमधून बाहेर येते, लॉबीतून गेटपर्यंत धावते, शाळेच्या बसमध्ये चढते. बिल्ला डाव्या खिशावर. मी DaVinci Resolve वापरतो. कलर पेजवर बिल्ल्याभोवती विंडो काढली, बिल्ल्यापेक्षा दीडपट मोठी. ट्रॅकिंग क्लिपच्या सुरुवातीपासून केलं नाही. बिल्ला सर्वांत मोठा आणि स्पष्ट दिसतो ती फ्रेम शोधली आणि तिथून पुढे व मागे, दोन्हीकडे ट्रॅक केलं. मुलगी वळली, दप्तराचा पट्टा बिल्ल्यावर आला, तेव्हा ट्रॅकर पट्ट्यालाच चिकटला आणि विंडो खांद्याकडे निघून गेली. हे नेहमी होतं. तिथे ट्रॅकर Clip वरून Frame मोडवर घेऊन विंडो हाताने जागेवर बसवावी लागते.

मग तपासणी, आणि चुका इथेच सापडतात. नेहमीच्या वेगाने बघितलं तर सगळं छान वाटतं. बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे नेली तर ती लिफ्टच्या अंधारातून बाहेर पडते तिथल्या तीन-चार फ्रेममध्ये बिल्ला उघडा होता. बघणारा व्हिडिओ थांबवू शकतो, त्याला एक फ्रेम पुरते. लॉबीच्या आरशात बिल्ला उलटा दिसत होता, तो वेगळा झाकला. आणि लॉबीतला नावांचा फलक, विंगप्रमाणे सगळ्यांची आडनावं आणि फ्लॅट नंबर! तो सबंध शॉट मी कापला. बहिणीला सांगितलं, बस दाखवूच नकोस. बसच्या मागे शाळेचं नाव माणसाएवढ्या अक्षरांत असतं.

स्वरदा:
आरसा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण चौकड्यांचा युनिफॉर्म असेल तर? आमच्या भागात कापडावरून शाळा ओळखतात.

संकलक:
मग नुसता बिल्ला झाकून उपयोग नाही. खांद्याच्या वर फ्रेम घ्या, किंवा घरी येऊन कपडे बदलल्यावर शूट करा. पावसाळ्यात रेनकोट असतो तेव्हा मी सर्वांत निश्चिंत असतो. कपड्याचा रंग बदलणं जमतं, पण चौकडी तशीच राहते आणि वेळ भरपूर जातो.

देशपांडेकाका (ठाणे):
मॅपवर आमच्या बंगल्याचा फोटो दिसतो, गाडीसकट. तो पुसट करायचा आहे. मुलगा परदेशात असतो, मी एकटा. कुणी सांगेल का?

स्वरदा:
काका, विषय थोडा वेगळा आहे, पण सांगते. स्ट्रीट व्ह्यूमध्ये तुमचं घर उघडा, तिथे तक्रार नोंदवायचा पर्याय येतो, त्यात घर निवडून पुसट करायची विनंती करता येते. एकदा केलं की ते परत पूर्ववत होत नाही, म्हणून मुलाशी बोलून मग करा.

रेश्मा (कांदिवली):
आम्ही घर नंबर, सोसायटीचं नाव, सगळं झाकत होतो. तरी एका प्रेक्षकाने कमेंटमध्ये आमची गल्ली बरोबर लिहिली. बाल्कनीतून समोरच्या पुनर्विकासाचा पत्रा दिसत होता. त्यावरच्या फलकावर प्रकल्पाचं नाव, सीटीएस नंबर आणि महारेरा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक महारेराच्या साइटवर टाकला की प्रकल्पाचा पत्ता समोर येतो. तेव्हापासून बाल्कनीचा पडदा बंद. मेट्रोच्या खांबांवरचे नंबर, बेस्टच्या थांब्याची पाटी, गणपती मंडळाची कमान, नगरसेवकाच्या शुभेच्छांचा बॅनर, हे सगळं आता आधी बघते. आवाजही ऐकून घेते. मागे स्टेशनची घोषणा ऐकू येत असेल तर तिथे संगीत टाकते.

मिलिंद:
मोझॅकचं पटलं. पण जुने व्हिडिओ? बरेच आहेत, लोकांच्या कमेंट्स आहेत, काढून टाकायला जिवावर येतं.

संकलक:
यूट्यूबवर असतील तर काढायची गरज नाही. Studio च्या Editor मध्ये Blur आहे, त्यात Custom blur. चौकोन किंवा गोल ठेवून तो हलत्या वस्तूमागे ट्रॅक करायला लावता येतो. लिंक आणि कमेंट्स तशाच राहतात. मात्र प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत लोकांना जुनाच व्हिडिओ दिसतो, लांब व्हिडिओला ती बराच वेळ चालते. म्हणून फार उघडं काही असेल तर आधी Private करा. थंबनेल स्वतंत्र असतं, ते वेगळं बदला. कच्च्या फ्रेममधून केलेलं थंबनेल बिल्ल्यासकट राहिलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय. इन्स्टाच्या रीलला ही सोय नाही, काढून परत टाकावी लागते. आणि कुणी आधीच उतरवून घेतलं असेल तर त्याला इलाज नाही.

गिरगावची सून:
एक शंका. इतकं झाकलं की लोक मुद्दाम शोधायला लागतात, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. पांढरी पट्टी दिसली की नजर तिथेच जाते.

रेश्मा:
मला तसंच वाटतं. म्हणून पट्टीपेक्षा फ्रेमच बदलते.

संकलक:
नजर जाते, हे खरं. पण नजर गेली तरी वाचायला तिथे काही नसतं. मी पट्टी टाकणारच.

स्वरदा:
यावर एकमत होईलसं दिसत नाही. आजी-आजोबा फॅमिली ग्रुपवरून मूळ क्लिप पुढे पाठवतात, त्याचं कुणी काय केलंय? ते हवंय मला आता.