बी.एड. आधी की टीईटी?

"बी.एस्सी. झालंय. आधी बी.एड. करू की टीईटी देऊ? पहिली ते पाचवी पण चालेल."

पहिली ते पाचवीचा विचार आधी सोडा. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की त्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागतं. माझ्या मावसबहिणीने त्याआधी दोन वर्षं टीईटीच्या पहिली ते पाचवीसाठीच्या पेपर एकचीच तयारी केली होती, सगळी वाया गेली. फार वाईट वाटलं.

तुमचा रस्ता सहावी ते आठवीचा. आधी सीईटी देऊन दोन वर्षांच्या बी.एड.ला प्रवेश घ्या. सीटीईटी म्हणजे केंद्राची टीईटी; तिचा सहावी ते आठवीसाठीचा पेपर दोन बी.एड. चालू असतानाच देता येतो, त्यामुळे पदवी हातात येण्याची वाट बघू नका. त्यात गणित-विज्ञान निवडा. 150 पैकी 60 गुण त्याच भागाला आहेत आणि पास व्हायला 90 लागतात. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

पण टीईटी म्हणजे नुसती पात्रता, नोकरी नव्हे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची निवड 200 गुणांच्या टेट परीक्षेवर होते. टीईटी आणि टेट या नावांत पुष्कळ जण गोंधळतात. टेटमध्ये बुद्धिमत्ता आणि अभियोग्यतेवर भर असतो, म्हणून बी.एड.च्या दुसऱ्या वर्षापासून रोज तासभर तिचा सराव ठेवाच.