सल्ला हवा : जर्मनमधले डॉख, माल, एबन कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही?

नेकरकाठचा_पाहुणा
मंडळी, स्टुटगार्टला येऊन दीड वर्ष झालं, बी-टू पास आहे, व्याकरण बऱ्यापैकी येतं, पण गेल्या महिन्यात टीममधल्या एकाने कॉफी पिताना हळूच सांगितलं की तुझे चॅटवरचे मेसेज वाचताना आर्मीत असल्यासारखं वाटतं. मी लिहायचो "शिक मीअ डी डाटाय", म्हणजे मला फाईल पाठव, यात काय चुकलं? तर म्हणाला, जर्मन माणूस यात काहीतरी बारीक शब्द घालतो, डॉख, माल, एबन वगैरे.
झालं, मी घालायला लागलो सगळीकडे मीठ टाकल्यासारखं. आणि आता लोक आधीपेक्षा जास्त विचित्र बघतात. हे तीन मेसेज बघा, याच आठवड्यातले :
१. "शिक मीअ डॉख डी डाटाय." (फाईल पाठव.)
२. "डास इस्ट डॉख फाल्श." सीनियर कलीगच्या ड्रॉइंगबद्दल. मला म्हणायचं होतं, हे जरा चुकलंय असं वाटतं.
३. "डास गेट एबन निष्ट बिस फ्रायटाग." शुक्रवारपर्यंत जमणार नाही, हे मॅनेजरला. उत्तर आलं फक्त "आहा".
डिक्शनरीत एकेका शब्दाला आठ आठ अर्थ दिलेत, काही उपयोग नाही. हे शिकायचं कसं, काय वाचायचं, काय ऐकायचं, सांगा प्लीज.

बीटू_बहाद्दर
अरे सोप्पंय. डॉख म्हणजे आपलं "ना". बसा ना = झेत्सन झी झिश डॉख. ये ना = कॉम डॉख. सांगितलं होतं ना = हाब इष डॉख गेझाग्ट. मराठीत जिथे ना येतो तिथे डॉख टाक, विषय संपला. माल म्हणजे "जरा". एबन म्हणजे "आत्ताच", एअ वार एबन हीअ, तो आत्ताच इथे होता. तुझ्या तिसऱ्या मेसेजमध्ये म्हणून घोळ झाला, शुक्रवारपर्यंत आत्ताच जमणार नाही असं काहीतरी वाचलं असेल त्याने.

मालवणी_मासा
माझ्या बायकोची पुढच्या महिन्यात ए-वन आहे व्हिसासाठी, यात हे डॉख बिख विचारतात का? नाही घातलं तर मार्क कापतात का?

रेवती_हायडलबर्ग
मालवणी_मासा, नाही हो, ए-वनला कोणी मार्क कापत नाही, वहिनींना म्हणावं बिनधास्त जा. फक्त ऐकण्याच्या पेपरात "वी हाइस्ट डू डेन?" आलं तर त्या डेनने गांगरू नका, नावच विचारलंय.

आता मूळ प्रश्न. मी भाषांतरं करते, बावीस वर्षं इथे आहे, आणि पहिली पाच वर्षं मीही मीठच टाकत होते, त्यामुळे हसत नाहीये.

बीटू_बहाद्दरचं अर्धं बरोबर आहे आणि तेच अर्धं घात करतं. डॉख सांगतो की "हे तुलाही माहीत आहे, किंवा माहीत असायला हवं, आणि तरी तू तसं वागत नाहीयेस". हे एवढं धरून ठेव आणि आता तुझी वाक्यं बघ.

घरी आलेला पाहुणा दारातच उभा आहे. "कॉम डॉख राइन", आत ये की, उभा काय राहिलास, न येण्याचं काही कारणच नाही. इथे तोच अर्थ प्रेमळ होतो, कारण ज्यात त्याचं भलं आहे तेच तू सांगतोयस. आणि "डास इस्ट डॉख फाल्श" मध्ये तोच अर्थ बोचतो : हे चूक आहे, शाळेतल्या पोरालाही दिसेल, तुला कसं दिसलं नाही? तू मऊ करायला गेलास आणि सीनियरला सुनावून आलास. आणखी एक गंमत म्हणजे डॉखवर जोर देऊन तेच वाक्य बोललं तर अर्थ होतो "शेवटी चूकच निघालं की हे", म्हणजे आधी बरोबर वाटत होतं. बोलताना हे आवाजावरून कळतं, चॅटमध्ये आवाज नसतो, त्यामुळे समोरचा त्याच्या मूडप्रमाणे वाचतो.

आणि "ना" बद्दल. आपला ना वाक्याच्या शेवटी येतो आणि समोरच्याच्या होकाराची वाट बघतो. डॉख वाक्याच्या पोटात असतो आणि कोणाची वाट बघत नाही, तो होकार गृहीत धरूनच निघालेला असतो. खरं तर आपला "की" त्याच्या जास्त जवळचा आहे. "जेवला नाहीस का?" "जेवलो की!" याला जर्मन माणूस नुसतं "डॉख!" म्हणतो. तिथे हो म्हणायचं म्हणून "या" चालत नाही आणि "नाइन"ही. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, इंग्रजीवाल्यांना घाम फुटतो.

नेकरकाठचा_पाहुणा
बापरे, म्हणजे मी ड्रॉइंगवाल्या आजोबांना "एवढं कळत नाही का" म्हणालो. मग पहिल्या मेसेजचं काय, तो तर हुकूमच आहे, त्यात डॉख चालायला हवा ना कॉम डॉख राइनसारखा?

रेवती_हायडलबर्ग
चालतो, पण फाईल पाठवण्यात भलं तुझं आहे, त्याचं नाही. त्यामुळे "पाठव की आता, किती वेळ" असा अधीरपणा येऊ शकतो. त्याने आधी विचारलं असेल की "पीडीएफ बनवू का, की मूळ फाईल देऊ?", आणि तू म्हणालास "शिक मीअ डॉख डी डाटाय", तर मात्र एकदम छान, तीच दे की. म्हणजे वाक्य तेच, मागे काय झालंय त्यावर सगळं.

नुसतं मागायचं असेल तर माल. "शिक माल डी डाटाय", किंवा त्याहून बरं, प्रश्न कर : "कान्स्ट डू मीअ माल डी डाटाय शिकन?" हा माल म्हणजे आइनमालचा, एकदाचा, तुकडा. काम लहान आहे, एवढंसं कर, इतकंच तो म्हणतो. बीटू_बहाद्दरने "जरा" म्हटलंय ते अगदी बरोबर, आणि त्याची मर्यादाही जरा सारखीच आहे. "जरा दार लाव" ठीक, "जरा अख्खा रिपोर्ट परत लिहून काढ" म्हटलं तर माणूस तुझ्याकडे बघत राहील. मोठ्या कामाला माल लावलास की तू त्याच्या कष्टाला किरकोळ ठरवतोस. आणि आदराने "झी", म्हणजे "तुम्ही", म्हणून ज्यांच्याशी बोलतोस त्यांना "शिकन झी मीअ माल" नको, साहेब शिपायाला सांगतो तसं वाटू शकतं. तिथे "क्योन्टन झी" करून विचारायचं.

विएनाची_सून
आमच्याकडे एबन कोणी म्हणतच नाही हो, सगळे हाल्ट. सासूबाई दर तीन वाक्यांना हाल्ट. "इस्ट हाल्ट झो." पहिल्यांदा मला वाटलं थांबा म्हणतायत, मी खरंच पोळी लाटायची थांबले 😅 नवरा म्हणतो दोन्ही एकच, उत्तरेत एबन, दक्षिणेत आणि ऑस्ट्रियात हाल्ट. मग स्टुटगार्टला पण हाल्टच नाही का?

रेवती_हायडलबर्ग
स्टुटगार्टला हाल्ट भरपूर ऐकू येईल, आणि आता तो उत्तरेतही पसरलाय. अर्थ बराचसा एकच : हे असंच आहे, बदलणार नाही, वाद नको. बस चुकली, मग "डान नेमन वीअ एबन डी एस-बान", मग काय, लोकलनेच जाऊ. आपला च आणि "काय करणार" एकत्र.

म्हणून मॅनेजरचं "आहा". तू लिहिलंस "शुक्रवारपर्यंत नाहीच होत, काय करणार". खांदे उडवलेस. सॉरी नाही, कारण नाही, पर्यायही नाही. त्या जागी लायडर, म्हणजे दुर्दैवाने, हवा होता : "बिस फ्रायटाग गेट डास लायडर निष्ट", आणि पुढे कधी जमेल ते.

बीटू_बहाद्दरचा "आत्ताच"वाला एबन खरा आहे, पण तो वेगळा. ओळखायची खूण सांगते : एबन काढून हाल्ट ठेवून बघ. "एअ वार हाल्ट हीअ" म्हटलं की "आत्ताच" गायब होतो, म्हणजे तो वेळेचा एबन होता. "डास गेट हाल्ट निष्ट" मध्ये अर्थ तसाच राहतो, म्हणजे तो खांदे उडवणारा. आणि तिसरा, "कान्स्ट डू माल एबन हाल्टन?", पटकन हे धरतोस का. इथलं हाल्टन क्रियापद आहे, त्याचा सासूबाईंच्या हाल्टशी संबंध नाही, घाबरू नका.

बीटू_बहाद्दर
ओके मान्य, वेळेचाच एबन डोक्यात बसला होता. पण हाल्ट आणि एबन एकच हे मला पटत नाही. माझी घरमालकीण दोन्ही वापरते, कधी कधी एकाच वाक्यात, "डास इस्ट हाल्ट एबन झो". एकच असते तर दोन कशाला?

रेवती_हायडलबर्ग
चांगला मुद्दा आहे आणि यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. काही म्हणतात एबन म्हणजे "हे उघडच आहे", हाल्ट म्हणजे "मला असं वाटतं बुवा", म्हणून हाल्ट थोडा मऊ. मला स्वतःला कानाला तसंच वाटतं, पण वाक्यावाक्याला सिद्ध करता येणार नाही. जुन्या मास्तरांना तर हे सगळेच शब्द भरतीचे वाटायचे, १९६९ मध्ये हाराल्ड वाइट यांचं पुस्तक आलं त्यानंतर यांना नीट अभ्यासायला सुरुवात झाली. म्हणजे डिक्शनरीवर फार रागावू नकोस.

नेकरकाठचा_पाहुणा
ताई, आता करू काय ते सांगा, प्रॅक्टिकल.

रेवती_हायडलबर्ग
विधानांमध्ये डॉख महिनाभर बंद. एबन ऑफिसात बंद. फक्त माल विनंतीत आणि डेन प्रश्नात, एवढे दोनच वापर. "वो वार्स्ट डू?" म्हणजे पोलीस चौकशी, "वो वार्स्ट डू डेन?" म्हणजे अरे होतास कुठे. जोर मात्र डेनवर द्यायचा नाही, तो गिळायचा.

ऐकायला मानहाइमच्या जर्मन भाषा संस्थेचा फोल्क नावाचा संग्रह आहे, खऱ्या गप्पांची रेकॉर्डिंग आणि खाली लिहून काढलेलं बोलणं, नोंदणी करावी लागते पण पैसे नाहीत. टीव्ही सिरियलपेक्षा बरं, कारण स्वयंपाकघरात, गाडी शिकवताना लोक कसं बोलतात ते मिळतं. पाच मिनिटांचा तुकडा घे, हे शब्द दिसतील तिथे खूण कर, मग तो शब्द काढून वाक्य मोठ्याने म्हण आणि काय बिघडलं ते मराठीत लिही. शब्द सुटा लिहू नकोस, अख्खं वाक्य आणि त्याच्या आधीचं वाक्य. आधीच्या वाक्याशिवाय डॉखची वही म्हणजे रद्दी.

विएनाची_सून
मी एक करते, नवऱ्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काही लिहायच्या आधी त्यांचे जुने मेसेज चाळते आणि तयार वाक्यच उचलते. "कॉम डॉख माल फोअबाय" असं उचललं होतं, ये की कधीतरी. पण असं म्हटलं की समोरचा येणारच असं समजायचं का? मी एकीला दोनदा म्हटलं, ती अजून आलेली नाही.

रेवती_हायडलबर्ग
नाही येणार. तारीख नाही ना दिलीत. डॉखने बोलावणं प्रेमळ झालं, मालने "कधीतरी" झालं, आणि दोन्ही मिळून कोणावरच बंधन नाही. क्रम मात्र बरोबर उचललात, डॉख माल, कधीही माल डॉख नाही.

नेकरकाठचा_पाहुणा
अपडेट : ड्रॉइंगवाल्या आजोबांना आज विचारलं, "क्योन्टन झी हीअ माल शाउअन?" ते आले, बघितलं, आणि म्हणाले "डास इस्ट या डॉख फाल्श!" आणि हसले. आता हा "या" काय आणि यात जोर कशावर होता मला आठवत नाहीये, म्हणजे "शेवटी चूकच निघालं" की "हे तर सरळ चूक आहे"?

बीटू_बहाद्दर
हसले ना, मग पहिलंच असणार.

रेवती_हायडलबर्ग
हसण्यावरून नाही सांगता येत. उद्या परत विचार, आणि कान डॉखकडे ठेव.