प्रतिसाद: लॉन्ड्रीत हरवलेली साडी

> लॉन्ड्रीवाला म्हणते साडी सापडत नाही, पावतीवर छापलं तेवढे धुलाईच्या दहापट पैसे घ्या. चिठ्ठीत काय लिहू?

ताई, दहापट म्हणजे ड्रायक्लीनचे दीडशे घेतले असतील तर दीड हजार. टसरची करवती साडी त्यात येते का कुठे! ते पैसे आत्ता घेऊ नका, आणि ‘हिशोब पूर्ण’ म्हणून सही तर मुळीच नको. सांभाळायला दिलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणं ही कराराच्या कायद्याने दुकानदाराची जबाबदारी आहे. पावतीमागच्या बारीक अक्षरांनी ती आपोआप संपत नाही.

चिठ्ठी साधीच लिहा:

“पावती क्रमांक अमुक, तारीख अमुक. मोतिया रंगाची टसर साडी, लाल करवती काठ, पदराला आतून रफू. ठरलेल्या तारखेला मिळाली नाही. पंधरा दिवसांत साडी शोधून द्यावी, नाहीतर तशीच दुसरी किंवा रु. ६,००० द्यावे. खरेदी ८,००० ची, दोन वर्षं वापरलेली.”

रफूची खूण नक्की लिहा. बहुतेकदा कपडा दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेलेला असतो आणि तो अशाच खुणेवरून सापडतो. वापराची घट आपणच धरली की पुढे घासाघीस कमी होते. बिल नसेल तर लग्नातला फोटो जोडा.

चिठ्ठीच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का घ्या. देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. मूळ पावती मात्र हातची सोडू नका, फोटो द्या. तरी हलला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते.