प्रतिसाद: पट्टीचे स्वतःचे वजन

> "टेकू १५ सेंमीवर असला की गुणाकार जुळतो, १० वर सरकवला की कोष्टकच बिघडतं. चोपडा गावच्या वर्गात मुलं विचारतात, नियम खोटा का?"

सर, पेन्सिलीच्या टेकूवर तोललेल्या ३० सेंमी पट्टीच्या दोन्ही बाजूंना नाणी × टेकूपासूनचं अंतर सारखं येतं, हा नियम खराच आहे, फक्त कोष्टकात एक वजन लिहायचं राहिलंय: पट्टीचं. ते जणू तिच्या मध्यावर, १५ सेंमीच्या खुणेवर टांगलेलं असतं. टेकू तिथेच असला की त्याचं अंतर शून्य, म्हणून ते लपून राहतं. टेकू १० वर नेला की ते ५ सेंमी लांबून लांब बाजू खाली ओढतं. मग आधी तेच मोजा. टेकू १० वर, नाण्यांची चळत २ च्या खुणेवर. समजा ५ नाण्यांनी पट्टी समतोल झाली, तर ५ × ८ = ४०, भागिले ५, म्हणजे पट्टी ८ नाण्यांची. आता टेकू १२ वर घेऊन पडताळा:

| बाजू | नाणी × अंतर | पट्टी × अंतर | एकूण |
|---|---|---|---|
| डावी | ४ × ९ | – | ३६ |
| उजवी | २ × ६ | ८ × ३ | ३६ |

नाणी एकाच प्रकारची घ्या. रुपयाचं जुनं मोठं नाणं ४.८५ ग्रॅमचं, २०११ च्या मालिकेतलं ३.७९ ग्रॅमचं, मिसळली की हिशोब गेलाच. टेकूला षटकोनी पेन्सिल नको, तिच्या सपाट बाजूवर पट्टी बऱ्याच ठिकाणी "समतोल" दिसते. गोल पेन्सिल चिकटपट्टीने बाकाला चिकटवा. आणि पंखा! आपल्याकडे मार्चात तो बंद करणं अवघड, तेव्हा दप्तरांचा आडोसा करा.