मदत हवी आहे: १३ वर्षं स्टोअर्समध्ये काढली, पण रिझ्युमेत नुसती कामांची यादी दिसतेय

पिंपळपान
मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत स्टोअर्स इन्चार्ज आहे. एकूण १३ वर्षं झाली, त्यातली शेवटची ७ इथेच. आता वेअरहाउस मॅनेजरच्या जागांसाठी अप्लाय करतेय, दीड महिन्यात २०-२२ ठिकाणी रिझ्युमे पाठवला आणि फोन आला फक्त एक. त्या एचआरच्या बाईंनी सरळच सांगितलं, की हे वाचून स्टोअर्समध्ये काय काय काम असतं ते कळलं, तुम्ही काय केलंत ते नाही कळलं. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

रिझ्युमे इंग्रजीत आहे, इथे मराठीत लिहिते:
- स्टॉक मेंटेन करण्याची जबाबदारी
- जीआरएन आणि इश्यू वेळेवर करणे
- नॉन-मूव्हिंग मालाचा फॉलोअप
- ८ जणांची टीम सांभाळणे

सगळे म्हणतात अचीव्हमेंट लिहा, आकडे टाका. पण आकडे आणू कुठून? तेव्हा कोणी मोजून ठेवलंच नाही, काम आलं की करत गेलो. प्लीज कोणीतरी एखादं वाक्य बदलून दाखवा, मग बाकीची मी करेन.

रानवारा
प्रत्येक ओळीत टक्के पाहिजेतच, नाहीतर कंपनीचं सॉफ्टवेअर रिझ्युमे बाहेर टाकतं. "जबाबदारी" हा शब्द आधी काढ आणि प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू कर, रिड्यूस्ड, इम्प्रूव्ह्ड, लेड वगैरे. आकडा आठवत नसेल तर २५-३० टक्के टाक, सगळे तेच करतात.

भोसरीकर
रानवारा, क्रियापदाचं बरोबर आहे तुमचं, बाकीचं नाही. ते सॉफ्टवेअर टक्के मोजत नाही, रिझ्युमेतला मजकूर वाचून ठेवतं आणि एचआर त्यात सॅप, जीआरएन, सायकल काउंट असे शब्द शोधतात. म्हणून आपल्या कामाचे शब्द राहिलेच पाहिजेत. आणि अंदाजाने टाकलेले ३० टक्के समोरच्याने "कशाच्या ३०?" एवढं विचारलं तरी कोसळतात. मी ९ वर्षं प्लांटमध्ये इंटरव्ह्यू घेतलेत, स्टोअर्सच्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

पिंपळपान ताई, आकडे तुमच्याकडे आहेत, फक्त वेगळ्या नावाने पडलेत. वर्षाअखेरच्या स्टॉक ऑडिटचा रिपोर्ट काढा, तुमचे अप्रेझलचे फॉर्म काढा, गेटचं इनवर्ड रजिस्टर बघा. नॉन-मूव्हिंगचा तर ऑडिटमध्ये वेगळा तक्ताच असतो. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा आणि मधे तुम्ही नक्की काय केलंत ते इथे लिहा.

सातारी
रिझ्युमे एक पानी असावा की दोन पानी? आणि फोटो लावायचा का?

पिंपळपान
@भोसरीकर सर, आज लंचमध्ये फाइल काढून बसले आणि खरंच सापडलं! मार्च २०२१ ला नॉन-मूव्हिंग ६२ लाखांचं होतं, मार्च २०२२ ला ४१ लाख. बंद झालेल्या मॉडेलचे पार्ट्स पडून होते, मी परचेस आणि डिझाइनला दर शुक्रवारी एकत्र बसवून एकेका पार्टचा निकाल लावून घेतला. मग असं लिहू का, "कंपनीचे २१ लाख वाचवले"?

भोसरीकर
"वाचवले" लिहू नका, थांबा. त्या २१ लाखांचं झालं काय, ते आधी सांगा.

पिंपळपान
९ लाखांचा माल सप्लायरनी परत घेतला, ५ लाखांचे पार्ट्स दुसऱ्या मॉडेलला चालले, उरलेले ७ लाखांचे भंगारात गेले.

भोसरीकर
हे बघा, इथेच लोक फसतात. भंगारात गेलेले ७ लाख हा कंपनीचा तोटाच, वर भंगाराचे थोडे पैसे आले असतील तेवढेच. स्टॉक कमी झाला हे खरं, पण वाचले असतील तर १४ लाख. एखादा फायनान्सवाला समोर बसला तर दोन मिनिटांत काढेल, आणि मग तुमची बाकीची खरी वाक्यंही त्याला खोटी वाटतील. म्हणून असं लिहा:

"बंद मॉडेलच्या पार्ट्ससाठी परचेस आणि डिझाइनसोबत साप्ताहिक आढावा सुरू केला, एका वर्षात नॉन-मूव्हिंग स्टॉक ६२ वरून ४१ लाखांवर आणला, त्यातला १४ लाखांचा माल सप्लायरला परत किंवा दुसऱ्या मॉडेलला वापरात."

पहिलं क्रियापद "सुरू केला". तो आढावा तुमच्या डोक्यातून आला, ते दिसायला हवं. "लेड" टाकलं तर प्रोजेक्ट तुमच्या नावावर होता का, असं विचारतील. ज्यात तुम्ही फक्त मदत केली तिथे मदत केली असंच म्हणा.

आता जीआरएन घ्या. गाडी आल्यापासून मालाची नोंद "वेळेवर" म्हणजे किती वेळात?

पिंपळपान
आधी गाडी आली की माल उतरायचा आणि मग कळायचं की पीओचा रेट जुळत नाही किंवा क्वांटिटी संपलीय, मग परचेसच्या मागे फिरत दोन-दोन दिवस जायचे. २०२० पासून मी सप्लायरकडून चलनाची कॉपी आदल्या दिवशी मेलवर मागवायला लागले, म्हणजे गाडी यायच्या आधीच पीओ दुरुस्त होतो. पण किती तास वाचले ते कोणी मोजलेलं नाही.

भोसरीकर
मग आत्ता मोजा. २०१९ चा एक महिना घ्या आणि २०२१ चा तोच महिना, प्रत्येकी ३० चलनं, सोयीची नाही तर रजिस्टरमध्ये येतील तशी ओळीने. गाडीची वेळ गेटच्या रजिस्टरमध्ये मिळेल, जीआरएनची सॅपमध्ये `MB51` ला मूव्हमेंट `101` टाकून. सरासरी काढू नका, कारण आठवडाभर अडकलेलं एखादंच चलन सगळा आकडा बिघडवतं. तासांप्रमाणे ओळीने लावा आणि मधला आकडा घ्या. फक्त कंपनीचा डेटा स्वतःच्या मेलवर पाठवू नका, उत्तर वहीत लिहून घ्या, बस.

मृण्मयी_
मधेच घुसतेय, सॉरी. मी ११ वर्षं पेरोल बघते. माझ्या कामात काही घडलं नाही म्हणजेच काम नीट झालं, पगार झाला की कोणी काही बोलत नाही आणि चुकला की सगळे दारात. ह्यात आधी-नंतर काय दाखवू?

भोसरीकर
तुमच्यात फरक नसेल, पण पसारा आणि सातत्य आहे ना. किती लोकांचा पगार, किती लोकेशन, दर महिन्याचं पीएफ चलन १५ तारखेच्या आत गेलं का आणि किती वर्षं एकदाही दंड लागला नाही. "६४० जणांचा पगार, ५ वर्षांत पीएफला एकही उशीर नाही" असं काहीसं, आकडे तुमचे घाला. टक्के न लिहिताही ही ओळ भक्कम आहे.

कोकणकडा
मला रुपयांचे आकडे पटत नाहीत. ६२ लाखांचा पडीक स्टॉक ही कंपनीची आतली गोष्ट, उद्या तोच रिझ्युमे कॉम्पिटिटरकडे जाणार. माझ्या आधीच्या कंपनीत एकाला ह्यावरून चांगलंच ऐकून घ्यावं लागलं होतं. मी तरी "एक तृतीयांश कमी केला" एवढंच लिहीन.

भोसरीकर
त्याने ६२ चे ४१ होते की ६ चे ४, हे कळणार नाही, आणि मॅनेजरच्या जागेला पसाराच बघतात. पण ऑफर लेटरमध्ये गोपनीयतेचं कलम कडक असेल तर तुमचं बरोबर. ताई, आधी ते वाचा.

पिंपळपान
वाचते. आणि ३० चलनं आज काढली, फार वेळ नाही लागला. २०१९ ला मधला आकडा २९ तास, २०२१ ला ६. मी स्वतः बघतच राहिले. फक्त ह्यात एक अडचण आहे, २०२१ ला आमच्याकडे गाड्याच कमी येत होत्या, तर हा फरक सगळा माझ्या पद्धतीचा म्हणता येईल का?

भोसरीकर
चांगलं पकडलंत. २०२३ चा तोच महिना काढा, तेव्हा गाड्या परत वाढल्या असतील. तिथेही ६-८ तासांच्या आसपास असेल तर बिनधास्त लिहा, आणि २० वर गेला असेल तर इथे येऊन सांगा.

पिंपळपान
सोमवारी गेटचं जुनं रजिस्टर मिळेल. ८ जणांच्या टीमच्या ओळीचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, कोणाला सुचलं तर सांगा.